हात, काठी आणि दगड: 'अनंत साखळी का चालणार नाही?' या आक्षेपाने अ‍ॅक्वायनस खरंच पडतो का?

उंबरठा (धागाकर्ती)

गेले काही महिने मी तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्वायनसची जेमतेम दोन पानं पुन्हा पुन्हा वाचते आहे. १२६५ च्या सुमारास त्याने 'सुम्मा थिओलॉजिए' लिहायला घेतला आणि १२७४ मध्ये तो वारला तेव्हा ग्रंथ अपुराच होता. त्याच्या पहिल्या भागातल्या दुसऱ्या प्रश्नाचं तिसरं कलम म्हणजे ही दोन पानं. देव आहे हे पाच वाटांनी दाखवता येतं, असं तो तिथे म्हणतो.

पहिली वाट गतीची. गती म्हणजे नुसतं इथून तिथे जाणं नव्हे, कुठलाही बदल. लाकूड तापतं तीही गतीच. लाकूड तापू शकतं, पण आपलं आपण तापत नाही, त्याला आधीच तापलेलं काहीतरी लागतं, म्हणजे विस्तव. म्हणून जे हलतं ते दुसऱ्या कशानेतरी हलवलेलं असतं. त्या दुसऱ्यालाही कुणी हलवत असेल तर तिसरा आला, मग चौथा. इथे तो थांबतो आणि म्हणतो की हे असं अनंतापर्यंत नेता येणार नाही, कारण पहिला हलवणाराच नसेल तर मधलेही कुणाला हलवणार नाहीत. काठी दगड हलवते ती हाताने हलवली म्हणून.

यावर सगळीकडे एकच आक्षेप दिसतो. का नेता येणार नाही? मागे मागे जात राहा, साखळीला सुरुवात नसली म्हणून काय बिघडलं? मलाही बरीच वर्षं हा आक्षेप पुरेसा वाटायचा. मग त्याच ग्रंथातला सेहेचाळिसावा प्रश्न वाचला. तिथे अ‍ॅक्वायनस स्वतः सांगतो की जगाला सुरुवात होती हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानायचं. १२७० च्या आसपास या एकाच मुद्द्यावर त्याने एक छोटी पुस्तिकाही लिहिली. त्याच्याच काळातला बोनाव्हेंतुरा म्हणत होता की अनंत दिवस उलटून आजचा दिवस उगवणं अशक्य आहे. अ‍ॅक्वायनसचं उत्तर असं की ओलांडणं म्हटलं की दोन टोकं लागतात, आणि मागचा कुठलाही दिवस निवडलात तरी तिथून आजपर्यंतचे दिवस मोजून संपतातच. थोडक्यात, अनंत भूतकाळाचं त्याला वावडं नाही.

त्याच प्रश्नात लोहाराचं उदाहरण आहे. लोहार एका हातोडीने काम करतो, ती मोडली की दुसरी घेतो, तीही मोडली की तिसरी. अशा अनंत हातोड्या होऊन गेल्या असतील, त्याची काही हरकत नाही. आजची हातोडी कालच्या हातोडीच्या जोरावर चालत नाही. बापलेकांचंही तसंच. पण ज्या साखळीत खालची कडी वरच्या कडीच्या जोरावर आत्ता, या क्षणी काम करते, तिथे मात्र तो अनंत मानायला तयार नाही.

तर माझं म्हणणं हे, की 'अनंत का नको' हा आक्षेप लोक ज्या साखळीवर टाकतात ती त्याने आधीच सोडून दिलेली आहे. पण दुसऱ्या साखळीबद्दल माझी शंका जात नाही. 'पहिला नसेल तर मधले हलवणार नाहीत' असं म्हणताना 'मधला' या शब्दातच आपण पहिला गृहीत धरला नाही का? साखळी खरोखर अनंत असेल तर प्रत्येक कडीच्या मागे कडी आहेच, कुणीही अडून राहिलेलं नाही. ज्यांनी हे वाचलं आहे त्यांनी कृपया लिहा.

आजोळ

तुमचं बापलेकांचं वाक्य वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. वडील गेल्यावर मी त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. आमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांनी नामावळीची वही काढली. लांबट वही, कडा झिजलेल्या, मधे दोरा. आधी आजोबांची सही दाखवली, मग पणजोबांच्या नावाची मोडीतली ओळ, त्याच्या वर आणखी दोन नावं. पुढे पान संपलं. मी विचारलं, याच्या आधीचे? ते म्हणाले, आधीचे होतेच, फक्त इथे लिहिलेले नाहीत.

मला त्या क्षणी असंच वाटलं की कुठेतरी पहिला असणारच. तो कोण, हाच देवाचा प्रश्न ना?

पैस

आजोळ, नाही, आणि तुमच्या वहीमुळे ते फार नीट दिसतं. पणजोबा गेले आणि तरीही आजोबांनी संसार केला, मुलं वाढवली. मूल जन्माला घालताना माणसाला स्वतःचा बाप जिवंत असावा लागत नाही. म्हणून त्या वहीतली नावं मागे कितीही गेली, कधीच संपली नाहीत, तरी अ‍ॅक्वायनसला त्यातून काही मिळवायचं नाही. त्याला वर जायचं आहे, मागे नाही. आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, तुमचं असणं कशावर टेकलं आहे, हा त्याचा प्रश्न आहे.

उंबरठा, तुमच्या शंकेवर सावकाश लिहितो. ती खरी शंका आहे.

शून्यप्रहर

मी गणित शिकवतो, त्यामुळे थोडं स्पष्ट लिहितो. ऋण पूर्णांक घ्या. उणे एकच्या आधी उणे दोन, त्याच्या आधी उणे तीन. प्रत्येकाला आधीचा आहे, पहिला कुणीच नाही, आणि यात कुठेही विसंगती नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कँटरने अनंताचं नीट गणित उभं केलं. तेराव्या शतकातल्या माणसाकडे ते नव्हतं, म्हणून त्याला अनंत म्हणजे अशक्य वाटलं. उंबरठा यांची शंका बरोबर आहे आणि युक्तिवाद तिथेच संपतो.

कोकणकडा

आणि समजा पहिला मानला, तर त्याला कुणी बनवलं? सगळ्याला कारण लागतं म्हणायचं आणि देवालाच सूट द्यायची, हे पटत नाही.

उंबरठा

कोकणकडा, 'सगळ्याला कारण लागतं' हे वाक्य त्या दोन पानांत नाही. 'जे हलतं ते दुसऱ्याने हलवलेलं असतं' एवढंच आहे. मग न हलणारं काही निघालं, तर त्याला सूट दिली असं होत नाही, नियम त्याला लागूच नव्हता. असं काही असू शकतं का हा प्रश्न वेगळा, तो तुम्ही जरूर विचारा.

पैस

शून्यप्रहर, तुमचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. सुरुवात नसलेला क्रम विसंगत नाही. पण अ‍ॅक्वायनसला अनंत म्हणजे आपोआप अशक्य वाटत होतं, हे तितकंसं बरोबर नाही. सुम्मातच एके ठिकाणी तो प्रत्यक्षात एकाच वेळी अनंत वस्तू असणं नाकारतो, आणि उंबरठा यांनी सांगितलेल्या त्या पुस्तिकेच्या शेवटी मात्र लिहितो की देव प्रत्यक्षात अनंत वस्तू निर्माण करू शकत नाही हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. म्हणजे त्याचंही मन इथे पक्कं नव्हतं. त्याचा पहिल्या वाटेतला मुद्दा मोजणीचा नाही. कड्या किती आहेत हा प्रश्न नाहीच, त्या कड्यांत जोर कुठून आला हा आहे.

हे सगळ्यात नेमकं मांडलं ते त्याच्यानंतरच्या पिढीतल्या डन्स स्कॉटसने. तो १३०८ मध्ये वारला. तो म्हणतो, कारणांच्या रांगा दोन तऱ्हेच्या असतात, आणि त्या ओळखायच्या तीन खुणा आहेत. एक, खालचं कारण काम करतं तेच वरच्यावर अवलंबून राहून. त्याचं असणं नव्हे, त्याचं कारण म्हणून काम करणं. दोन, वरचं कारण खालच्याच जातीचं नसतं. तीन, सगळी कारणं एकाच वेळी हजर लागतात. बापलेकांची रांग तिन्ही खुणांवर नापास होते.

आता उंबरठा यांची शंका: 'मधला' म्हणताच पहिला गृहीत धरला, असं नाही का? हो, सुम्मातलं ते वाक्य एकटं घेतलं तर धरल्यासारखंच दिसतं. त्याआधी लिहिलेल्या 'सुम्मा काँट्रा जेंटाइल्स'च्या पहिल्या भागातल्या तेराव्या प्रकरणात अ‍ॅक्वायनस अनंताविरुद्ध अ‍ॅरिस्टॉटलचे तीन युक्तिवाद सविस्तर देतो, पण नंतरच्या ग्रंथात त्यातलं सार तेवढं ठेवलंय. स्कॉटसच्या नजरेतून ही फट सुटली नाही. म्हणून तो 'मधला' हा शब्द बाजूला ठेवतो आणि म्हणतो: अशा तऱ्हेने अवलंबून असलेल्या सगळ्या गोष्टी एकत्र घ्या. कितीही असोत, अनंत असोत. ती सगळी गोळाबेरीजसुद्धा अवलंबूनच आहे. मग ती ज्यावर अवलंबून आहे ते त्या गोळाबेरजेतलं एक असू शकत नाही.

यात अनंताला नकार कुठेच नाही, हे पाहा.

चेंजगिअर

मी तीस वर्षं लेथवर काम केलं. तत्त्वज्ञान मला येत नाही, पण ही काठी आणि हाताची गोष्ट मी रोज पाहिली आहे, म्हणून लिहितो.

लेथवर आटे पाडताना जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलची फिरकी टूल पुढे सरकवणाऱ्या लीडस्क्रूपर्यंत न्यावी लागते. लीडस्क्रूचा पिच सहा मिलिमीटर आणि आपल्याला दीड मिलिमीटरचे आटे हवेत, तर प्रमाण एकास चार. स्पिंडलकडे २० दातांचा गिअर, लीडस्क्रूवर ८० दातांचा. हे दोन एकमेकांना पोचत नाहीत, म्हणून मध्ये आयडलर लावतो. नवीन मुलगा आला की तो आयडलरचेही दात मोजून हिशोबात धरतो. त्याला सांगावं लागतं, अरे, तो ४० चा लाव की ६५ चा लाव, आटे तेच पडणार. आयडलर फक्त फिरण्याची दिशा उलटवतो. दोन आयडलर लावले तर दिशा परत पहिल्यासारखी. आट्यांच्या प्रमाणात त्याचं स्वतःचं काही नाही, इकडून घेतो आणि तिकडे देतो.

आता मला कुणी म्हणालं की आयडलरच आयडलर लाव, हजार लाव, मोजता येणार नाहीत इतके लाव, मग स्पिंडल नसला तरी चालेल, तर मी म्हणेन की एकही गिअर फिरणार नाही. ज्याच्याकडे मुळात काही नाही त्याच्या संख्येने काय होणार? ताईंचा प्रश्न चुकीचा आहे असं म्हणत नाही, पण हातात तेल लागलेल्या माणसाला तो पडत नाही.

शून्यप्रहर

चेंजगिअर, तुमचं उदाहरण मला फार आवडलं, आणि त्यावरच उत्तर देतो. तुमचे गिअर थांबतात ते घर्षणामुळे. घर्षण शून्य धरा आणि गिअर आधीपासून फिरत आहेत असं धरा. मग स्पिंडल काढून टाकला तरी ते फिरतच राहतील. न्यूटनने १६८७ मध्ये हेच सांगितलं: सरळ एकसारख्या गतीला कुणी ढकलणारा लागत नाही, आणि बिनघर्षणाच्या चाकाच्या फिरण्यालाही लागत नाही. गती टिकायला कारण नको, गती बदलायला हवं. अ‍ॅरिस्टॉटलकडून आलेलं 'जे हलतं ते कुणीतरी हलवत असतं' हे गृहीतकच तिथे तुटतं.

दुसरं, 'सगळं एकाच वेळी' हेही खरं नाही. काठीचं एक टोक ढकललं की दुसरं टोक त्याच क्षणी हलत नाही. धक्का त्या पदार्थातल्या ध्वनीच्या वेगाने जातो, पोलादात साधारण सेकंदाला पाच किलोमीटर. तुमच्या पहिल्या आणि शेवटच्या गिअरमध्येसुद्धा अगदी बारीकसा उशीर आहे. म्हणजे हात, काठी, दगड हीसुद्धा शेवटी आजोळ यांच्या वहीसारखीच रांग निघाली, फक्त फार वेगाने उलटणारी.

चेंजगिअर

घर्षण शून्य असलेला लेथ मी पाहिलेला नाही. पण तुमचा मुद्दा समजला. आधीपासून फिरत आहेत असं धरायचं असेल तर माझा स्पिंडल नको, हे खरं. टूलची धार आट्याला टेकली की मात्र प्रत्येक फेऱ्याला जोर लागतो, तो कुठून आणणार?

शून्यप्रहर

साठवलेल्या ऊर्जेतून, आणि ती हळूहळू संपेल. तेवढं मान्य.

पैस

शून्यप्रहर यांचे दोन्ही घाव खरे आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फेकलेल्या दगडाचा प्रश्न मध्ययुगातही सतावत होताच. हात सुटल्यावर दगड का जातो? अ‍ॅरिस्टॉटल म्हणायचा हवा ढकलते. सहाव्या शतकात फिलोपोनसला ते पटलं नाही, आणि चौदाव्या शतकात पॅरिसला ब्युरिदाँने म्हटलं की फेकणारा दगडातच एक जोर भरून देतो, आणि वाटेत अडवणारं काही नसतं तर तो टिकून राहिला असता. म्हणजे न्यूटनच्या तीनशे वर्षं आधी, त्याच पॅरिसमध्ये, पहिल्या वाटेच्या पायाला तडा दिसू लागला होता. माझं मत: एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याच्या गतीवर ही वाट आज उभी करता येत नाही. हात, काठी आणि दगड हे शिकवायला छान उदाहरण आहे, पण पुरावा म्हणून कच्चं आहे.

फक्त यातून एवढंच ठरतं की उदाहरण चुकलं. प्रत्यक्ष आत्ता टेकून असणारी एकही रांग जगात नाही, हे ठरत नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे, इथे फक्त वाचते. तिसऱ्या वाटेबद्दल एक विचारायचं होतं. त्या दोन पानांत पुढे असं आहे ना की प्रत्येक गोष्ट कधी ना कधी नसते, म्हणून सगळ्याच गोष्टी तशा असतील तर एक वेळ अशी आली असती की काहीच नव्हतं, आणि मग आजही काही नसतं? मला हे वाचून आमचा वॉर्ड आठवला. आम्ही चौदा जणी आहोत. प्रत्येकीला आठवड्याची सुट्टी असते. अशी एकही नर्स नाही जी कधीच घरी नसते. तरी मी नोकरीला लागल्यापासून वॉर्ड एक तासही रिकामा राहिलेला नाही. एकीची पाळी संपायच्या आधी दुसरी येते, पेशंटची माहिती देते-घेते, सलाइन कुणाचं किती राहिलं ते सांगते, मगच पहिली निघते. मग 'प्रत्येकजण कधीतरी नसतो' यावरून 'कधीतरी कुणीच नव्हतं' कसं निघतं?

उंबरठा

रात्रपाळी, निघत नाही. तुम्ही बरोबर त्या वाक्यावर बोट ठेवलं जिथे अनेक जण अडखळले आहेत. प्रत्येकीसाठी एक सुट्टीचा दिवस आहे, पण सगळ्यांसाठी मिळून एकच दिवस नाही. अ‍ॅक्वायनसच्या बाजूने बोलणारे म्हणतात की काळ अनंत धरला तर सगळ्या एकदम सुट्टीवर असण्याची शक्यताही कधीतरी खरी झालीच असती. पण अनंत काळात प्रत्येक शक्यता खरी होतेच, हे वेगळं सिद्ध करावं लागेल. त्याने ते केलेलं नाही.

निळावंती

आपल्याकडे या मागे मागे जात राहण्याला अनवस्था म्हणतात, आणि न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, तिचे दोन प्रकार केले आहेत हे इथे उपयोगी पडेल. सगळीच अनवस्था दोष नसते. बी आधी की अंकुर आधी, याचं उत्तर ते 'अनादि' असं देतात आणि पुढे जातात, कारण बीज आणि अंकुर दोन्ही डोळ्यांना दिसतात. दोष केव्हा? जेव्हा मुळावरच घाव बसतो, म्हणजे मागचं सिद्ध झाल्याशिवाय पुढचं सिद्धच होत नाही, तेव्हा. पैस यांनी सांगितलेल्या दोन रांगा मला याच्या अगदी जवळच्या वाटतात. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात कर्म आणि देह यांच्या अनादि रांगेला बीजांकुराचाच दाखला दिला आहे.

मात्र इकडे अनादि संसार मानूनही उदयनाचार्यांनी ईश्वर सिद्ध करायचा प्रयत्न केलाच. म्हणजे सुरुवात नाही म्हटल्याने देवाचा प्रश्न मिटत नाही, हे दोन्हीकडे माहीत होतं.

पैस

निळावंती, जवळचं आहे खरं, पण नेमकं एकच नाही. तुमच्याकडच्या वर्गवारीत बरंचसं 'ज्ञान सिद्ध कसं होतं' याबद्दल आहे, आणि स्कॉटस कारणांच्या कामाबद्दल बोलतो. तरी बीजांकुर आणि हातोड्या एकाच फडताळात ठेवायला माझी हरकत नाही.

आता रात्रपाळी यांच्या वॉर्डकडे परत येतो, कारण तिथे या सगळ्यातला सर्वांत ताकदीचा युक्तिवाद लपला आहे. तो अ‍ॅक्वायनसचा नाही, त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या इब्न सीनाचा आहे. तो ९८० मध्ये बुखाऱ्याजवळ जन्मला, १०३७ मध्ये हमादानला वारला, आणि वैद्यही होता.

तो गतीला हात लावत नाही आणि 'एक वेळ अशी होती' असंही म्हणत नाही. तो म्हणतो, जगातल्या गोष्टी पाहा: त्या आहेत, पण नसत्या तरी चाललं असतं. अशा सगळ्या गोष्टी एकत्र घ्या. त्या मोजक्या आहेत की अनंत आहेत, एकामागून एक आहेत की एकदम, मला काही फरक पडत नाही. हा सगळा समूह असायलाच हवा असा आहे का? नाही, कारण तो ज्यांचा बनला आहे त्या गोष्टी असायलाच हव्यात अशा नाहीत. मग समूहालाही कारण लागलं. ते कारण समूहातलंच एक असेल तर ते सगळ्यांचं कारण होताना स्वतःचंही कारण झालं. म्हणून ते बाहेरचं. आणि 'नसतं तरी चाललं असतं' अशा सगळ्या गोष्टी तर आपण आत घेतल्या. बाहेर राहिलं ते असायलाच हवं असं.

वॉर्डमध्ये एकीच्या पाळीचं कारण आधीच्या पाळीत सापडेल. माहिती दिली, चार्ज दिला, निघून गेली. अशा अनंत पाळ्या मागे जा. पण मुळात हा वॉर्ड आहे का, चोवीस तास कुणीतरी असावंच असं का, याचं उत्तर कुठल्याही एका पाळीत नाही, सगळ्या पाळ्यांच्या बेरजेतही नाही.

शून्यप्रहर

हे ऐकायला भारदस्त वाटतं, पण ह्यूमने याचं उत्तर दिलेलं आहे. १७७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या धर्माविषयीच्या संवादांच्या नवव्या भागात. वीस कण घ्या. प्रत्येक कणाचं कारण मी तुम्हाला सांगितलं. त्यानंतर तुम्ही विचारता की वीसच्या वीस कणांचं मिळून कारण काय? हा प्रश्नच उरत नाही. समूह ही आपण मनात बांधलेली गाठोडी आहे, वेगळी वस्तू नाही. प्रत्येक विटेचं वजन दोन किलो म्हणून भिंतीचं वजन दोन किलो होत नाही. तसं प्रत्येकाला कारण लागतं म्हणून समूहाला लागतं, हे आपोआप होत नाही.

पैस

होत नाही आपोआप, बरोबर. पण कधी कधी होतं. प्रत्येक वीट मातीची असेल तर भिंत मातीचीच असते. 'नसतं तरी चाललं असतं' हा गुण वजनासारखा आहे की मातीसारखा, हे ठरवावं लागेल. मला मातीसारखा वाटतो. सगळे वीस कण नसते तर त्यांचा समूह उरला असता, असं तुम्हीही म्हणणार नाही.

आणि ह्यूमच्या वीस कणांत एक गोष्ट निसटते. त्या वीसपैकी प्रत्येकाचं कारण वीसच्या बाहेरचं असेल तर वीसही समजले, मान्य. पण सगळ्या कणांची कारणं आतच एकमेकांत असतील, तर मात्र मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

शून्यप्रहर

'वाटतं' यावर मी तुम्हाला अडवणार नाही. मला तसं वाटत नाही. विश्व आहे, आणि त्याच्या असण्याला पुढचं उत्तर नाही, हे मला विसंगत दिसत नाही.

उंबरठा

मला इथे एक जाणवतं. इब्न सीना आणि स्कॉटस, दोघांनीही अनंताला हात न लावता काम केलं. म्हणजे मी धाग्याच्या नावात विचारलेला प्रश्न खरं तर बाजूला पडला. अनंत साखळी शक्य मानली तरी त्यांचा युक्तिवाद उभाच राहतो, आणि तो पडायचा असेल तर 'असण्याला टेकू लागतो का' इथे पडतो. पैस, टेकू लागतो हे कुणी दाखवलं आहे का? नुसतं गृहीत धरलेलं नाही ना?

पैस

हा प्रश्न चौदाव्या शतकात ऑकमच्या विल्यमने अगदी प्रामाणिकपणे हाताळला. तो म्हणाला की घडवणाऱ्या कारणांवरून पहिलं कारण सिद्ध करणं अवघड आहे, कारण बापलेकांसारखी रांग अनंत असू शकते. पण सांभाळून ठेवणाऱ्या कारणांवरून करता येईल, कारण सांभाळणारा त्या वेळी हजरच लागतो, आणि ती रांग अनंत असली तर एकाच वेळी प्रत्यक्षात अनंत गोष्टी असाव्या लागतील. ते तो अशक्य मानतो. म्हणजे त्याने पुन्हा अनंताचा आधार घेतलाच. शून्यप्रहर यांच्या कँटरचा घाव इथे मात्र बसतो असं मला वाटतं.

आणि सांभाळावं लागतं हे कशावरून? अ‍ॅक्वायनसने सुम्माच्या १०४ व्या प्रश्नात दोन तऱ्हेची उदाहरणं शेजारी ठेवली आहेत. गवंडी घर बांधून निघून जातो आणि घर उभं राहतं, कारण दगड आणि चुना यांचे स्वतःचे गुण आहेत. विस्तवावरून उतरवलेलं पाणीही काही वेळ गरम राहतं. पण सूर्य मावळला की हवेतला उजेड क्षणभरही टिकत नाही. हवेने उजेड आपलासा केलेलाच नसतो. असणं हे या हवेतल्या उजेडासारखं आहे, असं तो म्हणतो.

शून्यप्रहर

आणि मी म्हणतो ते गरम पाण्यासारखं आहे, किंवा त्याहूनही पुढचं, कधीच गार न होणारं. उजेडासारखं आहे हे त्याने सांगितलं, दाखवलं नाही.

रात्रपाळी

मी आत्ताच घरी आले. व्हेंटिलेटरवरचा पेशंट आणि घरी सोडलेला पेशंट, दोघांनाही श्वास असतो. बाहेरून बघून सांगता येत नाही असं नाही, नळी दिसते. असण्याच्या बाबतीत ती नळी कुठे बघायची, हे मला तुम्हा दोघांच्याही लिहिण्यात सापडलं नाही.

पैस

अ‍ॅक्वायनस म्हणेल, वस्तू काय आहे हे पूर्ण समजलं तरी ती आहे की नाही हे त्यातून समजत नाही, ती त्याची नळी. फिनिक्स पक्षी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, तो आहे का ते ठाऊक नाही. म्हणून असणं वस्तूला तिच्या स्वतःकडून मिळालेलं नाही. हे उदाहरण त्याने तरुणपणीच एका पुस्तिकेत दिलं आहे.

शून्यप्रहर

त्यातून एवढंच कळतं की मला ठाऊक नाही. पक्ष्याबद्दल काही कळत नाही.

उंबरठा

पैस, ती पुस्तिका मी काढली आहे. चौथं प्रकरण वाचून झालं की इथेच लिहीन. चेंजगिअर, तोवर एक सांगाल का: पट्टा तुटला आणि स्पिंडल सुटा झाला तर तो किती फेरे स्वतःच फिरतो?

चेंजगिअर

ताई, मोकळा असेल तर बराच वेळ फिरतो. टूल जॉबला टेकलेलं असेल तर जेमतेम एखादा फेरा.